मतभेदांची मोजणी

१९९८ साली यान लेकुन, लेऑन बोटू, योशुआ बेंजिओ आणि पॅट्रिक हाफनर या चौघांनी हस्ताक्षर-वाचनावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. हाताने लिहिलेले ० ते ९ हे आकडे संगणकाने ओळखायचे, हा त्याचा विषय. त्यात एक चित्र आहे, ते पाहताना कोणत्याही शिक्षकाला आपली उत्तरपत्रिकांची गठ्ठेवारी आठवेल. 'लेनेट-५' नावाच्या प्रोग्रॅमला दहा हजार आकडे ओळखायला दिले होते. त्यांतले ८२ त्याने चुकीचे वाचले. हे ८२ आकडे त्या चित्रात छापले आहेत, आणि प्रत्येकाखाली दोन अंक आहेत: खरा आकडा कोणता आणि यंत्राने काय वाचले. कुठे डोके मिटलेला ४ यंत्राला ९ वाटला आहे, तर कुठे ६ चे शून्य झाले आहे. (आपल्या देवनागरीत १ आणि ९ यांची अशीच जवळीक आहे, हे पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्यांना सांगायला नको.)

त्याच निबंधात इतरही अनेक प्रोग्रॅमचे निकाल आलेखात दिले आहेत. त्यांच्या बाबतीत मात्र फक्त शेकडा चुकांचे प्रमाण कळते. नमुने मुद्दाम थोडे वाकवून, तिरके करून जास्तीचे शिक्षण दिले नाही तर लेनेट-५ च्या चुका शेकडा ०.९५, त्याच्या आधीच्या लेनेट-४ च्या शेकडा १.१. म्हणजे दहा हजारांत एकाच्या ९५ आणि दुसऱ्याच्या सुमारे ११०. लेनेट-५ सरस आहे असे यावरून म्हणता येईल का?

हा प्रश्न विचारताच बहुतेकांच्या मनात येते ते एवढेच, की १५ चुकांचा फरक पुरेसा मोठा आहे की नाही ते ठरवायचे. पण नुसत्या ९५ आणि ११० या दोन आकड्यांवरून ते ठरवता येत नाही. त्यासाठी आणखी एक गोष्ट माहीत हवी, आणि ती त्या आलेखात नाही. ती गोष्ट कोणती, ती कुणाच्या लक्षात कशी आली, आणि संगणक-शास्त्रात पोचायला तिला चाळीस वर्षे कशी लागली, हे आपण या लेखात पाहू.

दहा रोग्यांची झोप

सुरुवात संगणकाच्या फार आधी होते. १९०८ साली डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट या संख्याशास्त्रज्ञाने 'स्टुडंट' या टोपणनावाने एक निबंध लिहिला. त्यात उदाहरण म्हणून त्याने दहा रोग्यांची झोप घेतली होती. प्रत्येक रोग्याला दोन निरनिराळी झोपेची औषधे वेगवेगळ्या वेळी दिलेली होती आणि प्रत्येक औषधाने नेहमीपेक्षा किती तास जास्त झोप लागली ते नोंदवलेले होते. पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास जास्त, दुसऱ्याने २.३३ तास जास्त. फरक १.५८ तासांचा.

आता ही दहा माणसे एकमेकांपासून फारच वेगळी होती. पहिल्या औषधाने एकाची झोप ३.७ तासांनी वाढली, तर एकाची चक्क १.६ तासांनी कमी झाली. हे २० आकडे दोन स्वतंत्र गटांचे आहेत असे समजून गणित केले, तर माणसामाणसांतल्या या फरकात औषधांमधला फरक बुडून जातो. तो निव्वळ योगायोगाचाही असू शकेल असे उत्तर येते. पण प्रत्येक रोग्यासमोर त्याचीच दोन उत्तरे मांडून वजाबाकी केली, की वेगळेच दिसते. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली आणि एकाला दोन्हींनी अगदी सारखी. उलट दिशेने एकही नाही. माणूस तोच असल्यामुळे त्याचा जन्मजात झोपाळूपणा किंवा निद्रानाश दोन्ही बाजूंना सारखाच आहे, आणि वजाबाकी करताना तो नाहीसा होतो.

जोडी लावून तुलना करण्याची ही युक्ती पुढे शेतीच्या आणि औषधांच्या प्रयोगांत रुळली. मात्र ती तास, किलो, इंच अशा मोजमापांसाठी होती. जिथे उत्तर फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच असते तिथे काय करायचे?

मॅक्नेमारची चार पानी टीप

हा प्रश्न शिक्षणाच्या दारातूनच आला. क्विन मॅक्नेमार हा स्टॅनफर्ड विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ. बुद्धिमापनाच्या प्रसिद्ध स्टॅनफर्ड-बिने चाचणीच्या सुधारित आवृत्तीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण त्याने केले होते आणि त्यावर १९४२ साली पुस्तकही लिहिले होते. अशा कामात एक अडचण पदोपदी येते. एकाच मुलांच्या गटाला दोन प्रश्न दिले. पहिला शेकडा ६० मुलांनी सोडवला, दुसरा शेकडा ५२ मुलांनी. दुसरा प्रश्न खरोखर अवघड आहे का? दोन शेकडेवाऱ्यांतला फरक तपासण्याचे सूत्र उपलब्ध होते, पण ते दोन वेगवेगळ्या गटांसाठी होते. इथे मुले तीच. हुशार मूल दोन्ही प्रश्न सोडवते, कच्चे मूल दोन्हीकडे अडते. त्यामुळे दोन शेकडेवाऱ्या हातात हात घालून वर-खाली होतात.

१९४७ साली 'सायकोमेट्रिका' या नियतकालिकात मॅक्नेमारने यावर एक छोटी टीप लिहिली. ती जेमतेम चार-पाच पानांची आहे. तिचा गाभा असा: सगळ्या मुलांची चार खान्यांत वाटणी करा. दोन्ही प्रश्न बरोबर, दोन्ही चूक, फक्त पहिला बरोबर, फक्त दुसरा बरोबर. यांतले पहिले दोन खाने बाजूला ठेवा. ज्याने दोन्ही सोडवले किंवा ज्याला एकही आला नाही, त्या मुलाकडून 'दोहोंतला अवघड कोणता' याबद्दल काहीच कळत नाही. प्रश्नांमधला फरक दाखवणारी मुले फक्त उरलेल्या दोन खान्यांत आहेत. दोन्ही प्रश्न सारख्याच काठिण्याचे असतील, तर या मुलांची दोन खान्यांतली विभागणी नाणेफेकीसारखी, निम्मी-निम्मी असायला हवी. तशी ती आहे का, एवढेच पाहायचे.

एका खान्यात ब आणि दुसऱ्यात क मुले असतील, तर मॅक्नेमारचे माप असे:

(ब − क)² ÷ (ब + क)

हे उत्तर ३.८४ पेक्षा जास्त आले, तर असा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता शेकडा पाचापेक्षा कमी. पुढच्याच वर्षी ॲलन एडवर्ड्स याने त्यात एक छोटी दुरुस्ती सुचवली: वर्ग करण्याआधी फरकातून १ वजा करावा, म्हणजे लहान संख्यांच्या बाबतीत हे माप फाजील उत्साह दाखवणार नाही. १९५० साली विल्यम कॉक्रनने हीच कल्पना दोनापेक्षा जास्त प्रश्नांना लागू केली.

आता मुलांच्या जागी हस्तलिखित आकडे ठेवा, आणि दोन प्रश्नांच्या जागी दोन प्रोग्रॅम. गणित अक्षरशः तेच राहते. एखादा आकडा स्वच्छ लिहिलेला असला की दोघेही तो वाचतात. गिचमिड असला की दोघेही चुकतात. आपल्याला खरी माहिती मिळते ती ज्या आकड्यांवर दोघांचा मतभेद होतो, म्हणजे एक बरोबर ठरतो आणि दुसरा चूक, त्यांच्यापासून.

एक हिशेब

हे उदाहरणाने पाहू. आकडे आम्ही सोयीसाठी रचले आहेत. दोन प्रोग्रॅमना तेच १००० हस्तलिखित अंक वाचायला दिले. पहिल्याच्या ५० चुका झाल्या, दुसऱ्याच्या ३८. म्हणजे अचूकता अनुक्रमे शेकडा ९५ आणि ९६.२.

आधी जोडी न लावता, दोघांनी जणू वेगवेगळे हजार अंक वाचले असे समजून हिशेब करू. चुकांच्या संख्येत योगायोगाने किती चढउतार होईल, याचे माप म्हणजे नमुने गुणिले चुकीचे प्रमाण गुणिले अचूकतेचे प्रमाण, आणि त्याचे वर्गमूळ. पहिल्यासाठी वर्गमुळाच्या आतील संख्या ४७.५, दुसऱ्यासाठी सुमारे ३६.५. दोन स्वतंत्र संख्यांची वजाबाकी करताना या चढउतारांची बेरीज होते: ८४. त्याचे वर्गमूळ सुमारे ९.२. आपला फरक १२ चुकांचा, म्हणजे या मापाच्या १.३ पट. दुप्पट असता तर दखल घेतली असती, १.३ पट फरक सहज योगायोगाने पडू शकतो. निष्कर्ष: सांगता येत नाही.

आता चार खाने भरू. इथे गंमत अशी की ५० आणि ३८ या एकूण चुका कायम ठेवूनही खाने अनेक प्रकारे भरता येतात. त्यांतले दोन प्रकार पाहा:

| | पहिली शक्यता | दुसरी शक्यता |
|---|---|---|
| दोघेही बरोबर | ९४६ | ९२० |
| दोघेही चूक | ३४ | ८ |
| फक्त पहिला चूक | १६ | ४२ |
| फक्त दुसरा चूक | ४ | ३० |

दोन्ही शक्यतांत पहिल्याच्या ५० आणि दुसऱ्याच्या ३८ चुका आहेत, बेरीज करून पाहावी. नुसत्या अचूकतेच्या कोष्टकात त्या एकसारख्याच दिसतील. पण पहिल्या शक्यतेत मतभेद फक्त २० अंकांवर आहे आणि त्यांतले १६ दुसऱ्या प्रोग्रॅमच्या बाजूने गेले आहेत. एडवर्ड्सची दुरुस्ती धरून माप येते ११ चा वर्ग भागिले २०, म्हणजे ६.०५. हे ३.८४ च्या बरेच वर आहे. दुसऱ्या शक्यतेत मतभेद ७२ अंकांवर आहे, ४२ विरुद्ध ३०. माप येते १२१ भागिले ७२, म्हणजे १.६८. इथे काहीच सिद्ध होत नाही.

असे का होते, हे वर्गमुळांकडे पाहिले की लगेच कळते. मतभेदांची विभागणी नाणेफेकीने झाली असती, तर दोन खान्यांतल्या फरकाचा योगायोगी चढउतार मतभेदांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. ७२ चे वर्गमूळ साडेआठ, २० चे साडेचार. फरक दोन्हीकडे १२ च आहे. पण साडेआठ चुकांच्या चढउतारात १२ ठळक दिसत नाही, साडेचाराच्या चढउतारात दिसतो. दोन प्रोग्रॅम जितके एकसारखे वागतात तितका चढउतार कमी, आणि तितका लहान फरकही ओळखू येतो. गॉसेटच्या रोग्यांचीच ही गोष्ट आहे. फक्त तासांच्या जागी बरोबर-चूक आले.

मतभेद थोडे असतील, साधारण पंचविसापेक्षा कमी, तर सूत्राच्या वाटेला न जाता सरळ नाणेफेकीची शक्यता मोजलेली बरी. आमच्या पहिल्या शक्यतेत २० नाणी उडवल्यावर ४ किंवा त्याहून कमी छापे पडण्याचे प्रकार मोजू: १ + २० + १९० + ११४० + ४८४५ = ६१९६. एकूण प्रकार २ चा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६. भागाकार ०.००५९. फरक उलट दिशेनेही पडू शकला असता म्हणून दुप्पट करायचे: ०.०१२, शंभरात साधारण एकदा. बारावीच्या विद्यार्थ्याला क्रमचय-संचय शिकवताना हा हिशेब फळ्यावर जरूर करून पाहावा. त्यातून आणखी एक गोष्ट निघते. मतभेद फक्त ५ असतील आणि पाचही एकाच बाजूने गेले, तरी शक्यता ३२ तली १, दुप्पट करून १६ तली १, म्हणजे शेकडा सव्वासहा. शेकडा पाचाची अट लावली, तर सहापेक्षा कमी मतभेदांवरून कधीच निर्णय देता येत नाही, मग नमुने हजार असोत की लाख.

आता लेनेटच्या ९५ विरुद्ध ११० कडे परत जाऊ. दोघांमध्ये ४१ अंकांवरच मतभेद झाला असेल, म्हणजे २८ विरुद्ध १३, तर १५ चा फरक ४१ च्या वर्गमुळाच्या २.३ पट भरतो आणि दखल घेण्याजोगा ठरतो. मतभेद १२१ अंकांवर असेल, म्हणजे ६८ विरुद्ध ५३, तर तो जेमतेम १.४ पट. आलेखावरून यांतले काय खरे ते ठरत नाही. लेनेट-५ च्या ८२ चुका चित्रात छापल्या तशा सगळ्यांच्याच छापल्या असत्या, तर वाचकाला घरबसल्या हे मोजता आले असते. ८२ वेड्यावाकड्या आकड्यांचे ते चित्र आम्हाला त्यातल्या आलेखापेक्षा मोलाचे वाटते ते यामुळे.

ग्लासगो, १९८९

संगणकाला बोललेले शब्द ओळखायला शिकवणाऱ्यांना ही अडचण हस्ताक्षरवाल्यांच्या आधी भेटली. १९८० च्या दशकात तिथे प्रत्येक गट आपली पद्धत दुसऱ्याहून शेकडा एक-दोनने बरी असल्याचे सांगत असे. १९८९ साली ग्लासगोला भरलेल्या ध्वनि व संदेश-प्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लॅरी गिलिक आणि स्टीफन कॉक्स यांनी चार पानांचा एक निबंध सादर केला. त्यात त्यांनी सांगितले, की दोन पद्धती एकाच ध्वनिमुद्रणावर तपासल्या असतील, तर त्यांच्या चुका स्वतंत्र नसतात. सुटे शब्द ओळखायचे असतील तर मॅक्नेमारची चाचणी वापरा.

त्यांनी एक इशाराही दिला, आणि तो आजही विसरला जातो. नाणेफेकीचे गणित तेव्हाच लागू पडते, जेव्हा एका नमुन्यावरची चूक दुसऱ्या नमुन्यावरच्या चुकीला ओढून आणत नाही. सलग वाक्य ओळखताना एक शब्द चुकला, की प्रोग्रॅम वाट चुकतो आणि पुढचे दोन-तीन शब्दही बिघडतात. अशा वेळी तीन चुका म्हणजे तीन नाणी नव्हेत. एकच नाणे तीनदा मोजले जाते. यासाठी त्यांनी वाक्याचे असे तुकडे पाडायला सांगितले की एका तुकड्यातली चूक दुसऱ्यात शिरू नये, आणि मग दर तुकड्यामागे दोन पद्धतींच्या चुकांची वजाबाकी करायची. म्हणजे पुन्हा गॉसेटच्याच वाटेने जायचे.

आकड्यांच्या बाबतीतही हा धोका आहे. लेकुन आणि सहकाऱ्यांनी वापरलेला संच 'एम्निस्ट' म्हणून ओळखला जातो. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने गोळा केलेल्या हस्ताक्षरांतून निवडला आहे. काही आकडे जनगणना खात्याच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेले, काही माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्यांनी. विद्यार्थ्यांचे अक्षर वाचायला अवघड, हे शिक्षकांना नव्याने सांगण्यासारखे नाही. प्रत्येक माणसाने अनेक आकडे लिहिले. एखादा लिहिणारा ७ ला अशी काही वेलांटी देत असेल की तो पहिल्या प्रोग्रॅमला २ वाटावा, तर त्याचे सातही ७ एका बाजूला पडतात, आणि मतभेदांच्या हिशेबात सात मते दिसतात. खरे मत एकाच लेखणीचे असते.

एकदा की दहादा?

१९९८ साली, लेनेटचा निबंध आला त्याच वर्षी, ओरेगॉन राज्य विद्यापीठाचे थॉमस डिटेरिच यांनी एक निराळे काम केले. तुलनेच्या पाच प्रचलित व नव्या चाचण्या त्यांनी घेतल्या आणि त्या चाचण्यांचीच परीक्षा घेतली. दोन पद्धतींत मुळात काहीच फरक नाही अशी परिस्थिती मुद्दाम निर्माण करायची आणि कोणती चाचणी किती वेळा 'फरक आहे' अशी खोटी आरोळी ठोकते ते मोजायचे.

त्या काळी एक रीत फार लोकप्रिय होती. उपलब्ध नमुन्यांचे पुन्हा पुन्हा, समजा तीस वेळा, यादृच्छिकपणे शिकवणीचा आणि परीक्षेचा असे दोन भाग पाडायचे, दर वेळी दोन्ही पद्धतींच्या चुका मोजायच्या आणि तीस फरकांवर गॉसेटची चाचणी चालवायची. वरवर पाहता ही रीत अधिक कसोशीची वाटते. पण तीसही वेळा नमुने तेच, फक्त पिसलेले. त्यामुळे तीस फरक स्वतंत्र नसतात. डिटेरिच यांना आढळले की ही चाचणी खोट्या आरोळ्या भरमसाट ठोकते, आणि ती कधीच वापरू नये असे त्यांनी स्पष्ट लिहिले. मॅक्नेमारची चाचणी मात्र या परीक्षेत उतरली. प्रोग्रॅमला शिकवायला इतका वेळ लागतो की ते एकदाच करता येईल, अशा वेळी ती वापरावी अशी त्यांची शिफारस होती.

तिची मर्यादाही त्यांनी सांगितली. मॅक्नेमार-चाचणी शिकवून तयार झालेल्या दोन विशिष्ट प्रोग्रॅमबद्दल बोलते. तीच पद्धत दुसऱ्या नमुन्यांवर शिकवली असती, तर तयार झालेला प्रोग्रॅम थोडा वेगळा निघाला असता. तो किती वेगळा निघाला असता हे एका परीक्षेत दिसत नाही. एका वर्षीच्या एकाच वर्गाच्या निकालावरून शिकवण्याच्या दोन पद्धतींचा निवाडा करण्यासारखे ते आहे. या दोन वर्गांत कोणता पुढे ते ठरते, पद्धत कोणती चांगली ते नाही.

चाचणी करताना होणारी एक चूक मात्र डिटेरिच यांच्या निबंधात शोधूनही उपयोग नाही, कारण ती गणिताची नसून कारकुनीची आहे. दोन प्रोग्रॅमचे बरोबर-चूक असे निकाल दोन वेगळ्या फायलींत असतात आणि एका फायलीतला नमुन्यांचा क्रम मधेच बदललेला असतो. एकूण चुका तशाच राहतात, ५० आणि ३८. अचूकता तपासून काही पत्ता लागत नाही. पण जोड्या मोडलेल्या असतात. हे ओळखण्याची खूण 'दोघेही चूक' या खान्यात आहे. दोघांच्या चुकांचा एकमेकांशी काही संबंधच नसेल, तर हजारांत दोघेही चुकण्याचे प्रसंग ५० × ३८ ÷ १०००, म्हणजे दोनच्या आसपास येतील. खऱ्या जगात गिचमिड आकडा दोघांनाही छळतो, त्यामुळे ही संख्या नेहमी बरीच मोठी असते. ती दोन-तीनवर आली, की आधी फायलींचा क्रम तपासावा.

हरवलेले पन्नास हजार

एम्निस्टचे दहा हजार परीक्षा-आकडे पुढची वीस वर्षे जगभर वापरले गेले. इतके, की एक रास्त शंका निर्माण झाली. तीच प्रश्नपत्रिका वीस वर्षे फिरत असेल, तर विद्यार्थी विषय शिकले की प्रश्नपत्रिका? आणि चुका शेकडा एक असताना दहा हजार नमुन्यांत त्यांचा योगायोगी चढउतार सुमारे दहा चुकांचा असतो. ९५ आणि ११० यांतला फरक त्या चढउतारातच हरवायला हवा. मग वीस वर्षे या क्रमवारीवरून केलेली निवड म्हणजे सगळी सोडतच होती की काय?

मुळात परीक्षेसाठी दहा नव्हे, साठ हजार आकडे तयार केलेले होते. त्यांतले पन्नास हजार कधी वाटलेच गेले नाहीत आणि ते हरवले असे मानले जात होते. २०१९ साली छवी यादव आणि लेऑन बोटू (१९९८ च्या निबंधातलेच हे बोटू) यांनी ते पुन्हा उभे केले. राष्ट्रीय मानके संस्थेच्या मूळ संग्रहातून, जुन्या निबंधातल्या त्रोटक वर्णनाच्या आधारे, एम्निस्टमधला एकेक आकडा मुळात कुणाच्या कोणत्या कागदावरचा ते त्यांनी हुडकून काढले. मग कुणीही न पाहिलेल्या त्या पन्नास हजारांवर निरनिराळे प्रोग्रॅम तपासले.

चुकांचे प्रमाण जुन्या आकड्यांपेक्षा किंचित जास्त निघाले. म्हणजे प्रश्नपत्रिका थोडीफार पाठ झाली होती. पण क्रमवारी बहुतांशी तशीच राहिली. जुन्या दहा हजारांवर जे सरस होते तेच नव्यांवरही सरस ठरले. याचे कारण त्यांनी दिले ते जोडीचे. नमुन्यांचा संच योगायोगाने अवघड निघाला, तर सगळ्यांच्याच चुका वाढतात. सोपा निघाला, तर सगळ्यांच्याच घटतात. एकेकट्या प्रोग्रॅमचे गुण वर-खाली होतात, पण दोघांमधला फरक मतभेदाच्या मोजक्या नमुन्यांवरच अवलंबून असतो आणि त्यामुळे बराच स्थिर राहतो.

नव्या संचात दर आकड्यासोबत तो लिहिणाऱ्या व्यक्तीचा क्रमांकही नोंदवलेला आहे. त्यामुळे गिलिक आणि कॉक्स यांनी बोललेल्या वाक्यांसाठी सुचवलेला उपाय आता आकड्यांनाही करता येतो: चुका आकड्यागणिक न मोजता, दर लिहिणाऱ्यामागे दोन प्रोग्रॅमच्या चुकांची वजाबाकी करायची, आणि एका लेखणीला एकच मत द्यायचे.